सातव्या भागात गोष्ट बिघडते

कोकणातल्या एका जुन्या वाड्यात रात्री कुणीतरी फिरतं, अशी बारा भागांची श्रुतिका दोघं जण मिळून लिहीत आहेत असं समजू. एक आहेत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुसरा त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, जाहिरातींच्या संहिता लिहिणारा तरुण. तो त्यांना ताई म्हणतो. विषम भाग त्याचे, सम भाग ताईंचे. गोष्टीत अकरा वर्षांची मीरा आहे, तिचा धाकटा भाऊ अन्या आहे, तिखट जिभेची आजी आहे आणि मोती नावाचा कुत्रा आहे. श्रोते कोण, तर रात्रीची जेवणं झाल्यावर मुलांबरोबर बसून ऐकणारी घरं. सहा भाग लिहून झालेत, त्यांतले चार प्रसारितही झालेत. आणि मग त्याच्याकडून सातवा भाग येतो. तो असा सुरू होतो :

‘मोती उंबऱ्यावर पडला होता. गळा चिरलेला. रक्त पायरीवरून ओघळून अंगणात साकळलं होतं. मीरानं त्याच्या डोळ्यावर बसलेली माशी हाकलली, तेव्हा तिच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं.’

याच भागात पुढे मीराला विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत कुणीतरी कोंडतं, तिचे हात बांधतं, आणि भाग तिथेच संपतो.

परिच्छेद वाईट लिहिलेला नाही. माशीचा तपशील तर नेमका आहे. पण ही गोष्ट त्या दोघांनी लिहायला घेतलेली गोष्ट नाही. जोडीनं लिहिणाऱ्यांच्या कामात हा प्रसंग कधी ना कधी येतोच, मग ती मालिकेच्या लेखकांची खोली असो, कॉलेजची एकांकिका असो की आळीपाळीनं लिहिली जाणारी दीर्घकथा असो. लेखकाचं कौशल्य तिथे जितकं लागतं तितकाच एक व्यवहार लागतो, आणि हा व्यवहार बहुतेक जोड्या शिकलेल्या नसतात. ताईंनी आता काय करावं, हे त्या व्यवहाराच्या अंगानं पाहू.

लिहायला बसण्याआधी या दोघांनी एक पान तयार केलं होतं. त्याचे तीन भाग होते. पहिल्यात ‘कधीच नाही’ या सदराखाली लहान मुलांवर हात टाकणं, प्राण्यांचा छळ आणि आत्महत्या. दुसऱ्यात ‘पडद्यामागे’ : मृत्यू, मारामारी, दारू. म्हणजे या गोष्टी घडू शकतात, पण श्रोत्यासमोर नाही. कुणी तरी येऊन सांगेल, किंवा घडून गेल्यानंतरची सकाळ दिसेल. तिसऱ्यात सूर : भीती वाटावी पण ऐकून झोप लागावी, आजीमुळे प्रत्येक भागात एकदा तरी हसू यावं, आणि मुलं संकटात सापडली तरी हाकेच्या अंतरावर कुणी मोठं माणूस असावं.

ही मांडणी त्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. टेबलाभोवती बसून चार-पाच जण मिळून गोष्ट रचत जाण्याचे जे खेळ अमेरिकेत आणि युरोपात खेळले जातात, त्यांत ती घडली. तिथे कुणीच एकटा लेखक नसतो. प्रत्येक जण एका पात्राच्या तोंडून बोलतो आणि गोष्ट सगळ्यांच्या हातून पुढे सरकते. या शतकाच्या सुरुवातीला रॉन एडवर्ड्स या खेळलेखकानं अशा टेबलांसाठी ‘रेषा’ आणि ‘पडदे’ असे दोन कप्पे सुचवले. रेषेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्यामागचं येतं, पण त्याचं वर्णन होत नाही. पुढे 2013 मध्ये जॉन स्टाव्रोपोलोस यांनी एक साधं कार्ड मांडलं. टेबलाच्या मध्यभागी ठेवलेल्या त्या कार्डाला कुणी हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडून द्यायचा, आणि कारण विचारायचं नाही. त्या टेबलांवर अनोळखी माणसं एकत्र येतात, कुणाच्या मागे काय आहे हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तिथे हे आधी सुचलं. लेखकांच्या जोडीत ओळख असते, आणि ओळखीमुळेच हे बोलायचं राहून जातं. ‘आपल्याला कळतं की एकमेकांचं’ म्हणून पुढे जातात आणि सातव्या भागाशी येऊन अडकतात.

पान असल्यामुळे ताईंना पहिलं काम जमतं. ते म्हणजे आलेल्या मजकुरातलं काय कुठल्या सदरात बसतं ते वेगळं करणं. मोतीचा गळा चिरणं ‘कधीच नाही’मध्ये पडतं. मीराचे हात बांधणंही तिथेच. रक्ताचा ओघळ पडद्यामागच्या सदराचा भंग आहे. पण मीराला कोंडणं? ते कुठल्याच रेषेपलीकडे जात नाही. मुलं कोंडली जाणं हा साहसकथांचा जुना प्रसंग आहे. तो इथे फक्त सुराच्या आड येतो, कारण हाकेच्या अंतरावर कुणी मोठं माणूस नाही. म्हणजे एकाच भागात तीन वेगवेगळ्या प्रकारची अडचण आहे, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळ्या पद्धतीनं लागतो. हे वेगळं न करता ‘फारच काळं झालंय रे’ एवढंच म्हटलं, तर समोरच्याला काय काढायचं आणि काय ठेवायचं ते कळत नाही. तो एक तर सगळं पुसतो, नाही तर रागानं काहीच पुसत नाही.

या टप्प्यावर चुका होतात त्या बहुधा चांगुलपणातून. सगळ्यात सोपी वाटणारी चूक म्हणजे गोष्टीतच परस्पर दुरुस्ती करणं. आठवा भाग ताईंचा आहे. त्यात मीरा दचकून जागी होते आणि मोती पायाशी झोपलेला असतो. सगळं स्वप्न होतं. भांडण टळलं, रेषाही पाळली गेली. पण तरुणाला त्यातून एवढंच समजतं की त्याचा आख्खा भाग एका वाक्यात खोडला गेला, तेही न विचारता. नवव्या भागात तो खोडता येणार नाही असं काहीतरी लिहील. मग दोघं कागदावर एकमेकांशी कुस्ती खेळत राहतात आणि श्रोत्याला गोष्टीऐवजी ती कुस्ती ऐकू येते. जोडीनं लिहिलेल्या ज्या मालिकांत एखादं पात्र एका भागात मरतं, दुसऱ्यात परत येतं आणि तिसऱ्यात पुन्हा मरतं, तिथे पडद्याआड बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. गोष्टीबाहेरचा मतभेद गोष्टीबाहेरच सोडवावा लागतो, आणि पुढचं एकही वाक्य लिहिण्याआधी.

दुसरी चूक अर्ध्यावर तडजोड करण्याची. ‘गळा नको चिरायला, पाय मोडला तर?’ ऐकायला हे समजूतदार वाटतं. पण यामुळे रेषा ही घासाघीस करण्याची गोष्ट होऊन बसते. पुढच्या वेळी तो आणखी पुढची मागणी करेल, कारण निम्मी मिळते हे त्याला कळलेलं असतं. वाईट हेतूनं नव्हे, माणूस असाच शिकतो. ‘कधीच नाही’ या सदराचा नियम साधा ठेवावा लागतो. तिथे एकाचा नकार पुरतो, आणि सदरातून काही बाहेर काढायचं तर दोघांचा होकार लागतो. सुराचं तसं नाही. सुरावर वाद घालता येतो, घालावाच. तिथे दोघांपैकी कुणीही बरोबर असू शकतं.

तेव्हा ताई फोन करतात. लांबलचक निरोप टाइप करत नाहीत. लेखी शब्दांत आवाज नसतो, आणि ‘हे मला चालणार नाही’ हे वाक्य लिहिलेलं वाचताना बोललेल्यापेक्षा दुप्पट कठोर वाटतं. त्या म्हणतात, “भाग वाचला. मोतीचं मरण आणि मीराचे बांधलेले हात आपल्या पानावर ‘कधीच नाही’मध्ये आहेत, ते मी घेणार नाही. बाकीच्यावर बोलू. मला आधी सांग, तुला इथे काय हवं होतं?”

या बोलण्यात नकार पहिल्याच दमात येतो आणि त्याला कारण जोडलेलं नाही. कारण जोडलं की चर्चा कारणावर सरकते. मुलं खरंच घाबरतील का, हल्लीची मुलं याहून काय काय पाहतात, असं सुरू होतं आणि रेषा बाजूला राहते. ‘तुझ्या डोक्यात हे आलं तरी कसं’ हेही त्या म्हणत नाहीत. काळं लिहिणारा माणूस काळा असतो असं मानणं अन्यायाचं आहे, आणि तसं सुचवलं की समोरचा आपल्या मजकुराचा नव्हे, स्वतःचा बचाव करू लागतो.

तो थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, “ताई, सहा भाग झाले. कुणाला साधं खरचटलंही नाही. ऐकणाऱ्याला कळून चुकलंय की या वाड्यात काही होत नसतं. मग तो पुढचा भाग का ऐकेल?”

हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या मते, जोडीतला एक जण अचानक काळोखाकडे वळतो तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याच्या मागे असाच एखादा रास्त आक्षेप असतो. गोष्ट मध्यावर सैल पडलेली असते. पहिल्या भागांतलं कुतूहल संपलेलं असतं, शेवट अजून लांब असतो, आणि लेखकाला ती ढिलाई हाताला जाणवते. ती घट्ट करायला सगळ्यात जवळचं हत्यार म्हणजे रक्त. म्हणून तो ते उचलतो. रेषा मोडली याचा अर्थ निदान चुकलं असा होत नाही. ताईंनी मोतीला वाचवलं आणि त्या आक्षेपाकडे पाहिलं नाही, तर सातवा भाग पानाबरहुकूम होईल आणि गोष्ट तरीही मरेल.

मग दोघांना खरा प्रश्न सापडतो : रेषा न ओलांडता धोका खरा कसा करायचा? इथे व्यवहार संपतो आणि लेखनाची कारागिरी सुरू होते.

सूर कुठल्या घटनेमुळे ठरतो असं आपल्याला वाटतं, पण घटनेइतकाच तो निवेदक किती जवळ उभा आहे यावर ठरतो. तरुणाच्या परिच्छेदात निवेदक मीराच्या बोटांच्या टोकापर्यंत गेला आहे. चिकटपणा, माशी, उघडा डोळा, या सगळ्या हाताच्या अंतरावरच्या गोष्टी आहेत. हाच मृत्यू ‘सकाळी मोती गेला होता’ एवढ्यात सांगितला असता तर दुःख झालं असतं, शिसारी आली नसती. आणि श्रुतिकेत हे आणखी तीव्र होतं. वाचणारा नकोसं वाक्य डोळ्यांनी ओलांडून जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला कान मिटता येत नाहीत, आणि शेजारी आठ वर्षांचं मूल बसलेलं असतं. म्हणून सूर सांभाळायचा तर निवेदक कुठे उभा आहे, एका प्रसंगावर किती वाक्यं खर्ची पडतात आणि त्या प्रसंगानंतर लगेच काय येतं, या तीन जागा तपासाव्यात. तिसरी जागा विसरली जाते. भीतीच्या प्रसंगानंतर माणसांची हालचाल आली, कुणी कंदील पेटवला, कुणी दार लावलं, आजी करवादली, तर श्रोत्याला श्वास घ्यायला जागा मिळते. भागच तिथे तोडला तर ती भीती तो झोपेत घेऊन जातो. तरुणानं हात बांधलेल्या मुलीवर भाग संपवला होता. त्याच्या व्यवसायाची ती सवय. जाहिरातीत शेवटची चौकट लक्षात राहायला हवी असते.

दोघांनी फोनवरच नवा प्रसंग रचला, आणि लिहिला त्यानंच. भाग त्याचा होता, त्यामुळे लेखणीही त्याच्याच हातात राहणं महत्त्वाचं होतं. तो असा झाला :

‘सकाळी मोतीची साखळी अंगणात पडलेली होती. तुटलेली नव्हती, कडी नीट काढलेली होती. पितळीतली भाकरी तशीच, तिला मुंग्या लागलेल्या. अन्यानं तीनदा हाका मारल्या. आजीनं एरवी त्याला दटावलं असतं, की गाव गोळा करू नकोस म्हणून. आज ती काही बोलली नाही. तिनं साखळी उचलली, पदराला पुसली आणि आत नेऊन खुंटीला टांगली.’

रक्त नाही, पण धोका आधीपेक्षा वाढला आहे. कडी काढता आली याचा अर्थ मोतीनं त्या माणसाला जवळ येऊ दिलं. म्हणजे रात्री फिरणारा परका नाही. सहा भाग श्रोता बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी घाबरत होता. आता त्याला घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहावं लागतं. आणि आजी गप्प होते. प्रत्येक भागात हसवणाऱ्या पात्राचं गप्प होणं हे या गोष्टीतलं सगळ्यात भीतिदायक वाक्य आहे. ते फक्त याच गोष्टीत भीतिदायक आहे, कारण सहा भाग ती बोलत होती. सूर सांभाळला म्हणून तो एकदा मोडता आला. चिरलेला गळा कुठल्याही गोष्टीत तेवढंच काम करतो.

कोंडण्याचा प्रसंगही राहिला, थोडा हलवून. मीरा पंपाच्या खोलीत स्वतःच शोधायला शिरते आणि दार बाहेरून लागतं. हात मोकळे आहेत. खिडकीच्या गजांतून तिला परसात वाळवण घालणारी आजी दिसते, पण पंप चालू आहे आणि हाक पोचत नाही. मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असावं हा सूर अक्षरशः पाळला, आणि त्यातूनच ताण निर्माण झाला. भागाच्या शेवटी पंप बंद पडतो. त्या अचानक पसरलेल्या शांततेत मीराला दाराबाहेर कुणाचा तरी खोकला ऐकू येतो. मोती पुढच्या भागात काजूच्या बागेतल्या मांगरात सापडतो, भुकेला आणि चिखलानं माखलेला, आणि त्याच्या गळ्यात कुणाची तरी सुतळी असते. ती सुतळी ताईंना आठव्या भागासाठी आयती मिळाली.

हे समजा म्हणून रचलेलं उदाहरण झालं. पण अशाच खेचाखेचीतून एक प्रसिद्ध भाग तयार झाल्याची नोंद आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अमेरिकन मालिका 1987 मध्ये सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांची अट होती की चोविसाव्या शतकातली माणसं क्षुद्रपणाच्या पलीकडे गेलेली दाखवायची. जहाजावरचे सहकारी आपसांत हेव्यादाव्यानं भांडणार नाहीत. लेखकांना ही अट जाचायची, कारण भांडणाशिवाय नाट्य आणायचं कुठून? तिसऱ्या वर्षी, 1989 मध्ये, मायकेल पिलर लेखकांचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हाती रोनाल्ड मूर या नवख्या लेखकाची एक संहिता आली. जहाजावरची एक अधिकारी मोहिमेवर मरते आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा जेरेमी एकटा उरतो, अशी ती गोष्ट होती. मुलाचं दुःख हाच तिचा गाभा. रॉडनबेरींनी ती अडवली. त्यांचं म्हणणं, त्या काळातली मुलं मृत्यूला आयुष्याचा भाग म्हणून स्वीकारायला शिकलेली असतील. हा मुलगा असा शोक करणार नाही.

लेखकांच्या खोलीत नाराजी पसरली, हे पिलर यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांनी अट मोडली नाही आणि गोष्टही सोडली नाही. त्यांनी अट गोष्टीत घेतली. जेरेमी रडत नाही. त्याला शिकवल्याप्रमाणे तो शांत राहतो. आणि हे न रडणं हीच अडचण होते. ग्रहावरची एक परकी शक्ती त्याच्या आईचं रूप घेऊन येते आणि त्याला कायमचं आपल्याजवळ ठेवू पाहते. तिच्यापासून त्याला सोडवायचं तर ज्याला तो हात लावत नाही त्या दुःखापर्यंत त्याला न्यावं लागतं. ‘द बॉन्डिंग’ या नावानं तो भाग प्रसारित झाला. रॉडनबेरी मनुष्यस्वभावाबद्दल बरोबर होते असं मला वाटत नाही. मुलं शोक करतात, आणि त्यांना तो करू द्यायला हवा. पण रडणाऱ्या मुलाची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. न रडणाऱ्या मुलाची ही गोष्ट त्या अटीमुळे सापडली. मूर पुढे त्याच मालिकेच्या लेखकांत सामील झाले.

याचा अर्थ पान कधीच बदलायचं नाही असा नाही. कधी कधी सहलेखकाला गोष्ट घट्ट करायची नसते. त्याला खरोखर दुसरीच गोष्ट लिहायची असते. हे ओळखण्याची एक खूण आहे. रेषा न ओलांडता धोका वाढवण्याचा मार्ग समोर ठेवला की पहिल्या प्रकारचा लेखक सुटकेचा श्वास टाकतो, त्याला लगेच पुढचं सुचू लागतं. दुसऱ्या प्रकारच्या लेखकाला तो मार्ग फिका वाटतो. त्याला मोतीच्या बेपत्ता होण्यात रस नसतो, मोती मरण्यातच असतो. अशा वेळी आणखी समजावण्यात अर्थ नाही. विचारावं लागतं : आपण ही गोष्ट बदलायची का?

बदलायची तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. निर्णय भागाच्या मध्यावर घ्यायचा नाही. लिहिण्याच्या ओघात सगळंच अपरिहार्य वाटतं. दोघांचा होकार मोकळा हवा, ‘बरं बाई, कर तुला हवं ते’ या थकलेल्या सुरातला नको. आणि ज्यांनी पहिले चार भाग ऐकलेत त्या घरांचं काय, याचं उत्तर हवं. हा तिसरा पक्ष खोलीत नसतो, म्हणून त्याची बाजू दोघांपैकी कुणाला तरी मांडावी लागते. सिनेमाला आणि ओटीटीला आता आपल्याकडे 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे वयोगट जोडावे लागतात. पण वयाची चिठ्ठी सुराचं काम करत नाही. सोळा वर्षांवरच्यांसाठीची गोष्टही हलकीफुलकी असू शकते, आणि जो श्रोता आजीच्या बोलण्यावर हसायला आला होता त्याला सातव्या भागात वेगळी चिठ्ठी लावून काही फायदा नाही. तो आधीच आत आलेला असतो.

कधी याच्याही खाली काहीतरी असतं. सहलेखकाच्या घरात कुणी गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, आणि ते सारं वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. ताईंनी ते ताडायला जाऊ नये. ‘बरा आहेस ना?’ एवढं एकदा, गोष्टीचा विषय संपल्यावर, विचारावं आणि मिळेल ते उत्तर मान्य करावं. ‘हो’ म्हणाला तर हो. त्याच्या दुःखाला जागा हवी हे खरं आहे. ती जागा लहान मुलांसाठीच्या श्रुतिकेचा सातवा भागच असली पाहिजे असं नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर वेगळी गोष्ट हा प्रामाणिक मार्ग उरतो. ‘स्टार ट्रेक’वाल्यांनीही अखेर तेच केलं. रॉडनबेरी 1991 मध्ये वारले. त्यानंतर पिलर आणि रिक बर्मन यांनी जानेवारी 1993 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ ही निराळी मालिका सुरू केली. जुन्या मालिकेतल्या जहाजाला त्यांनी भांडायला लावलं नाही. त्यांनी दूरचं एक अंतराळस्थानक घेतलं, परकीय राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या एका ग्रहाजवळचं, आणि तिथे जहाजाच्या शिस्तीबाहेरची माणसं ठेवली : त्या ग्रहावरची जुनी बंडखोर, दारूचा गुत्ता चालवणारा व्यापारी. ही माणसं भांडू शकत होती, कारण त्यांनी जुन्या गोष्टीचं काही कबूल केलेलं नव्हतं. मालिका पुढे युद्धापर्यंत गेली. शेजारी जुनी मालिका तिच्या जुन्या सुरात 1994 पर्यंत चालू राहिली.

आपल्या दोघांना असं करायचं झालं तर आधी एक कोरडी बाब मिटवावी लागेल. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे : ज्या कृतीत एका लेखकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही ती कृती. आळीपाळीनं भाग लिहिले तरी मीरा, आजी आणि वाडा कुणा एकाचे राहिलेले नसतात. म्हणून त्या पहिल्या पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी असाव्यात. वाट वेगळी झाली तर पात्रं कुणाकडे राहतील, आणि लिहून झालेले भाग कुणाच्या नावानं जातील. सुरुवातीला, दोघांचं छान जमत असताना, हे लिहायला पाच मिनिटं लागतात. सातव्या भागानंतर लिहायला बसलं तर वकील लागतो.

तरुणानं मग स्वतःच्या नावानं प्रौढांसाठी एक कथा सुरू केली. वाडा नाही, कोकण नाही, कुत्राही नाही. शहरातल्या एका बंद गिरणीच्या आवारातली गोष्ट. तिच्यात गळे चिरले जातात. पहिला मसुदा त्यानं ताईंना पाठवला, आणि वर लिहिलं की वाचलाच पाहिजे असं नाही. ताईंनी अर्धा वाचला, माशीसारखे दोन तपशील आवडल्याचं कळवलं, आणि सांगितलं की नववा भाग गुरुवारपर्यंत हवा आहे.